श्वास वेगात चालतोय? आधी पिशवी खाली ठेवा!

गेल्या वर्षीच्या पीएलमधली गोष्ट. रात्रीचे साडेअकरा वाजले असतील. एम-थ्रीचा पेपर दुसऱ्या दिवशी, त्यामुळे होस्टेलमध्ये सगळे दिवे चालू. तेवढ्यात खालच्या मजल्यावरून आरडाओरडा ऐकू आला. गेलो तर फर्स्ट इयरचा एक पोरगा कॉटवर बसलेला, दोन्ही हात गुडघ्यांवर टेकलेले आणि श्वास असा चाललेला की जणू आत्ताच मैदानाला दहा चकरा मारून आलाय.

"काय झालं बे याले?"

"काही नाही, पेपरचं टेन्शन. पोट्टं घाबरलं."

मग काय, आमच्यातला एक जण फुटाण्याची रिकामी कागदी पिशवी घेऊन आला. इंग्रजी सिनेमात सगळ्यांनी बघितलेलंच होतं. पिशवी तोंडाला लावायची, त्यातच श्वास सोडायचा आणि त्यातलाच परत घ्यायचा. आम्ही चौघांनी त्याला धरलं आणि पिशवी लावली. तो मान हलवत होता, पिशवी ढकलत होता. आम्ही म्हणत होतो, "अरे रिलॅक्स, रिलॅक्स." शेवटी त्यानं ती फाडून टाकली. त्याचा राग आला होता आम्हाला, हे आज कबूल करतो.

गोंधळ ऐकून वॉचमन काका आले. त्यांनी त्याच्याकडे दोन मिनिटं नुसतं बघितलं, तोंडाजवळ नाक नेलं आणि म्हणाले, "हे घाबरल्याचं नोहे, पोट्टेहो. माह्या भावाच्या पोराले असंच झालं होतं. त्याले शुगर निघाली होती. गाडी काढा पहिले."

गाडी निघाली. वाशीमहून पुढे त्याला अकोल्याला नेलं. साखर पाचशेच्या वर होती. तो आता ठणठणीत आहे, रोज इन्सुलिन घेतो आणि माझ्यापेक्षा चांगला कॅरम खेळतो. पण त्या रात्री आम्ही चौघांनी त्याला जे केलं, ते काय होतं, हे मला नंतर कळलं. ते कळायला एकच समीकरण लागलं, आणि तेही आपण बारावीत पाठ करून विसरलेलं. हा लेख त्यासाठीच. माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. आपल्या होस्टेलमध्ये कोणाचा श्वास वेगात चालला तर पिशवीचा प्रयोग कायमचा बंद झाला पाहिजे. का, ते पुढे वाचा.

सुरुवात सोड्याच्या बाटलीपासून करू. बसस्टँडवर आपण गोटी सोडा पितो. बाटली बंद असते तोवर आत कार्बन डायऑक्साइड दाबाखाली पाण्यात विरघळलेला असतो. गोटी दाबली की फस्स करून तो निघून जातो. थोडा वेळ तसाच ठेवला तर सोड्याची ती आंबट झणझणीत चव जाते, कारण विरघळलेला कार्बन डायऑक्साइड पाण्याशी मिळून कार्बोनिक ॲसिड बनवतो. वायू गेला की आम्लही गेलं. आता एक नियम लक्षात ठेवा. द्रवात किती वायू विरघळणार, हे वरच्या वायूच्या दाबावर ठरतं. हेन्रीचा नियम तो हाच.

आपलं रक्त हे असंच सोडावॉटर आहे. त्यात कार्बन डायऑक्साइड विरघळलेला असतो, आणि जोडीला बायकार्बोनेट असतं, म्हणजे आपल्या खायच्या सोड्यातलाच अर्धा भाग. पहिला आम्ल बनवणारा, दुसरा आम्ल शोषून घेणारा. या दोघांचं प्रमाण रक्ताचा पीएच ठरवतं. १९०८ मध्ये अमेरिकेतल्या लॉरेन्स हेंडरसन यांनी हा संबंध मांडला आणि पुढे १९१६ मध्ये डेन्मार्कच्या कार्ल हासेलबाल्क यांनी त्याला लॉगॅरिदमचं रूप दिलं. तेच हे समीकरण:

```
pH = 6.1 + log10( HCO3 / (0.03 × PCO2) )
```

यातलं `HCO3` म्हणजे बायकार्बोनेट, एका लिटरला किती मिलिमोल ते. `PCO2` म्हणजे रक्तातल्या कार्बन डायऑक्साइडचा दाब, मिलिमीटर पाऱ्यात. ०.०३ हा विद्राव्यतेचा आकडा, म्हणजे हेन्रीचा नियम इथे आत शिरला. दाबाला ०.०३ ने गुणलं की विरघळलेला कार्बन डायऑक्साइड मिलिमोलमध्ये मिळतो. ६.१ हा या जोडीचा पीके, शरीराच्या ३७ अंश तापमानाला.

आता तुमचे आमचे आकडे टाकू. निरोगी माणसात बायकार्बोनेट २४ आणि दाब ४० च्या आसपास असतो. ४० गुणिले ०.०३ म्हणजे १.२. चोवीसला १.२ ने भागा, २० आले. २० चा लॉग १.३०. त्यात ६.१ मिळवा, ७.४० आले. रक्ताचा पीएच ७.३५ ते ७.४५ असतो असं पुस्तकात वाचलेलं असतं, ते इथून येतं. म्हणजे खरी गोष्ट एवढीच की वर-खाली २०:१ हे प्रमाण टिकलं पाहिजे. आकडे बदलले तरी चालतील, प्रमाण बदललं की पीएच बदलला.

आपण इंजिनिअरिंगवाले आहोत, तर याकडे दोन नॉब असलेल्या यंत्रासारखं बघू. वरचा नॉब बायकार्बोनेटचा. तो मूत्रपिंडाच्या हातात आहे आणि फिरायला तास-दिवस घेतो. खालचा नॉब कार्बन डायऑक्साइडचा. तो फुफ्फुसांच्या हातात आहे आणि काही मिनिटांत फिरतो. शरीर ठरावीक वेगानं कार्बन डायऑक्साइड तयार करत असताना तुम्ही फुफ्फुसात दुप्पट हवा खेळवलीत, तर रक्तातला त्याचा दाब साधारण निम्मा होतो. म्हणजे वेगात श्वास घेणं म्हणजे सोड्याची बाटली उघडी करून हलवणं. आम्ल उडून जातं.

आता खरोखर घाबरलेल्या मुलाची केस घेऊ. व्हायवाच्या बाहेर उभा आहे, छाती धडधडते, श्वास जोरात चालू आहे. शरीराला एवढ्या हवेची गरज नाही, तरी चालू आहे. समजा दाब ४० वरून २० वर आला. बायकार्बोनेट २४ च राहिलं असं धरलं तर पीएच ७.७० येईल. पण प्रत्यक्षात तेही थोडं खाली येतं. दाब दर १० ने उतरला की बायकार्बोनेट साधारण २ ने उतरतं, कारण हिमोग्लोबिनसारखे दुसरे बफर थोडं आम्ल सोडतात. म्हणून २० धरू. विरघळलेला वायू ०.६. वीसला ०.६ ने भागलं की ३३.३. त्याचा लॉग १.५२. पीएच झाला ७.६२. रक्त नेहमीपेक्षा चांगलंच अल्कधर्मी झालं.

याचे परिणाम त्या मुलाला लगेच जाणवतात. ओठांभोवती आणि बोटांच्या टोकांना मुंग्या येतात. हाताची बोटं आखडतात, अंगठा आत वळतो. कारण असं की पीएच वाढला की रक्तातलं मोकळं कॅल्शियम अल्ब्युमिन या प्रथिनाला जास्त चिकटतं, मोकळं कमी उरतं आणि नसा उगाचच पेटू लागतात. कार्बन डायऑक्साइड कमी झाला की मेंदूच्या रक्तवाहिन्याही आकसतात, म्हणून चक्कर येते, डोळ्यांपुढे अंधारी येते. पोराला वाटतं आपण आता मरतो. तो आणखी घाबरतो, श्वास आणखी वाढतो. कंट्रोल सिस्टीममध्ये ज्याला पॉझिटिव्ह फीडबॅक म्हणतात, तो हा.

पिशवीची कल्पना इथूनच आली. सोडलेल्या हवेत कार्बन डायऑक्साइड असतो, तोच परत घेतला तर दाब २० वरून वर चढेल आणि पीएच खाली येईल. समीकरणात बसवून बघा, चुकीचं काहीच नाही. कागदावर ही युक्ती अगदी बरोबर आहे. घोळ पुढे आहे.

आता आमच्या ज्युनिअरची केस. अकोल्याला त्याच्या कॉटला जो रिपोर्ट लावला होता, त्यावरचे तीन आकडे मी वहीत उतरवून आणले होते. दाब २०, बायकार्बोनेट ८, पीएच ७.२२.

दाब परत बघा. वीस! घाबरलेल्या मुलाचाही वीस, याचाही वीस. दोघांचाही श्वास बाहेरून बघणाऱ्याला वेगात चाललेला दिसणार. पण एकाचा पीएच ७.६२ आणि दुसऱ्याचा ७.२२. एकाचं रक्त अल्काकडे झुकलेलं, दुसऱ्याचं आम्लाकडे. फरक कुठे पडला? वरच्या नॉबमध्ये.

त्याच्या शरीरात इन्सुलिन जवळजवळ संपलं होतं. रक्तात साखर भरपूर, पण पेशींना ती वापरता येत नव्हती. मग शरीर चरबी जाळायला लागलं आणि त्यातून कीटोॲसिड तयार झाली. ती ॲसिड बायकार्बोनेट खात सुटली. चोवीसवरून आठवर, म्हणजे लिटरमागे सोळा मिलिमोल आम्ल त्यानं गिळलं. आता इथे तीन पायऱ्यांनी गणित करू, कारण शरीराची खरी कमाल इथे दिसते.

पायरी पहिली. समजा रक्त बंद बाटलीत आहे, फुफ्फुसं नाहीतच. बायकार्बोनेटनं आम्ल शोषलं की त्याचा कार्बन डायऑक्साइड बनतो आणि तो तिथेच अडकून राहतो. विरघळलेला वायू १.२ अधिक १६, म्हणजे १७.२. आठला १७.२ ने भागलं की ०.४६५. पीएच येतो ५.७७. या पीएचवर कोणी जगत नाही. (रक्तातले बाकीचे बफर मी इथे सोडून दिलेत, नाहीतर आकडा थोडा वर गेला असता. पण मुद्दा तोच.)

पायरी दुसरी. बाटली उघडी आहे. नवा तयार झालेला वायू फुफ्फुसं बाहेर टाकतात आणि दाब चाळीसवरच ठेवतात. मग ८ भागिले १.२ म्हणजे ६.६७. पीएच ६.९२. अजूनही जिवावर बेतणारा, पण मघापेक्षा कितीतरी वर.

पायरी तिसरी. मेंदूला कळतं की रक्त आंबट होतंय, आणि तो फुफ्फुसांना सांगतो की दाब चाळीसच्याही खाली न्या. दाब २० वर आणला की ८ भागिले ०.६ म्हणजे १३.३. पीएच ७.२२.

म्हणजे त्याचा तो वेगातला श्वास हा आजार नव्हताच. तो उपचार होता! शरीरानं स्वतःच स्वतःवर चालवलेला. ६.९२ वर बुडणाऱ्याला ७.२२ वर धरून ठेवणारा दोर तो श्वास होता, आणि आम्ही चौघे पिशवी घेऊन तो दोर कापायला बसलो होतो. समजा आमच्या पिशवीमुळे दाब २० चा ३० झाला असता. ८ भागिले ०.९ म्हणजे ८.८९, पीएच ७.०५. नुसत्या फुटाण्याच्या पिशवीनं ७.२२ चे ७.०५. तो पिशवी का ढकलत होता, हे आता कळलं. त्याच्या मेंदूला आमच्यापेक्षा जास्त गणित येत होतं.

असा खोल, वेगाचा, न थांबणारा श्वास मधुमेहात दिसतो, हे जर्मन डॉक्टर आडोल्फ कुसमाउल यांनी १८७४ मध्येच लिहून ठेवलंय. डॉक्टरांकडे पडताळ्याचं एक सोपं सूत्रही आहे. अशा आम्लतेत दाब किती असायला हवा? बायकार्बोनेटची दीडपट अधिक आठ, दोन इकडे-तिकडे. आठची दीडपट बारा, अधिक आठ, वीस. आमच्या मित्राचा नेमका वीस! म्हणजे फुफ्फुसं आपलं काम चोख करत होती. हाच आकडा तीस-पस्तीस आला असता तर डॉक्टरांनी ओळखलं असतं की पेशंट थकत चाललाय. इथे एक भयंकर गोष्ट ध्यानात घ्या. अशा पेशंटचा श्वास हळूहळू शांत होताना दिसला आणि बरोबर त्याला गुंगीही येत असेल, तर "चला, बरं वाटतंय" म्हणायचं नसतं. दोर सुटत चाललाय असं समजायचं.

एक गंमत सांगतो. रिपोर्टवरचे आकडे मी समीकरणात घालून बघितले आणि पीएच तंतोतंत जुळला. मी खूश! केमिस्ट्रीच्या सरांना दाखवायला गेलो, तर सर हसायला लागले. म्हणाले, "अरे, ते मशीन पीएच आणि दाब हे दोनच मोजतं. बायकार्बोनेट ते याच समीकरणातून काढतं. जुळणार नाही तर काय?" माझा चेहरा पडला. पण सरांनी पुढे सांगितलं ते महत्त्वाचं. हे जुळवून बघणं अगदीच फुकट नाही. कोणी आकडा उतरवताना चूक केली असेल तर ती लगेच सापडते. मात्र समीकरण जुळलं म्हणजे निदान झालं असं नाही. तिन्हीपैकी दोन आकडे कळले की तिसरा मिळतो, एवढंच ते सांगतं. आम्ल कुठून आलं, श्वास का वाढला, हे समीकरण सांगत नाही. रक्तात ऑक्सिजन किती, हे तर त्यात कुठेच नाही.

एकच आकडा बघून फसणं हे फक्त होस्टेलच्या पोरांकडून होतं असं समजू नका. १९५२ साली कोपनहेगनमध्ये पोलिओची मोठी साथ आली. ब्लेगडॅम हॉस्पिटलमध्ये श्वासाचे स्नायू लुळे पडलेले पेशंट येऊ लागले. श्वसनयंत्रावर ठेवलेल्या पहिल्या ३१ पैकी २७ जण गेले. त्यांच्या रक्तात बायकार्बोनेटच्या रूपातला कार्बन डायऑक्साइड वाढलेला आढळत होता. बायकार्बोनेट जास्त म्हणजे रक्त अल्कधर्मी झालंय, असा तर्क तिथे चालला होता. ब्योर्न इबसेन नावाच्या भूल देणाऱ्या डॉक्टरांनी म्हटलं की उलट आहे. श्वास पुरेसा चालत नाही म्हणून वायू अडकलाय आणि बायकार्बोनेट त्याच्या मागोमाग वाढलंय. उदाहरण म्हणून बायकार्बोनेट ३० आणि दाब १०० घ्या. ३० भागिले ३, म्हणजे १०. पीएच ७.१०. वरचा नॉब बघितला तर अल्क वाटतं, दोन्ही बघितले तर चक्क आम्ल! २७ ऑगस्ट १९५२ रोजी इबसेन यांनी एका बारा वर्षांच्या मुलीच्या श्वासनलिकेत नळी घालून हातानं रबरी पिशवी दाबत तिला श्वास दिला आणि ती वाचली. त्यानंतर त्या हॉस्पिटलमध्ये सुमारे दीड हजार विद्यार्थ्यांनी पाळ्या लावून पेशंटच्या पिशव्या दाबल्या. मृत्यूचं प्रमाण झपाट्यानं उतरलं.

विद्यार्थी तेही आणि विद्यार्थी आम्हीही. पिशवी त्यांच्याही हातात होती, आमच्याही. फरक एवढाच की त्यांची पिशवी कार्बन डायऑक्साइड बाहेर काढत होती आणि त्यांच्या पाठीशी दोन्ही नॉब बघणारा माणूस उभा होता.

आता कोणी म्हणेल की ठीक आहे, मधुमेहवाल्याला पिशवी नको, पण खरंच घाबरलेल्याला लावायला काय हरकत? माझं उत्तर असं की रात्री साडेअकराला, चौघांच्या गोंधळात, कोण खरंच घाबरलेलं आणि कोण नाही, हे आपल्याला कळत नाही. आम्हाला तर शंभर टक्के खात्री होती. वेगातला श्वास दम्यात असतो, न्यूमोनियात असतो, हृदयविकारात असतो, विषबाधेत असतो. आणि पिशवीत नुसता कार्बन डायऑक्साइड वाढत नाही, ऑक्सिजनही संपत जातो. अमेरिकेतले डॉक्टर मायकेल कॅलहॅम यांनी १९८९ मध्ये हे तपासलं. धडधाकट स्वयंसेवकांनी मुद्दाम वेगात श्वास घेतला आणि मग पिशवीत श्वास घेतला, तेव्हा ऑक्सिजनचा दाब सरासरी २६ मिलिमीटरने उतरला. ज्यांना नुसतं घाबरलेले समजून पिशवी दिली, पण ज्यांच्या रक्तात मुळातच ऑक्सिजन कमी होता किंवा ज्यांना हृदयाचा त्रास होता, अशा तिघांच्या मृत्यूचीही त्यांनी नोंद केली. बरोबर निदान झालं तर फायदा थोडा, चुकलं तर माणूस जाणार. असा सौदा कोण करेल?

मग करायचं काय? घाबरलेल्या मुलासाठी पिशवी लागतच नाही. त्याच्याजवळ एकानेच बसायचं, बाकीच्यांना खोलीबाहेर काढायचं. त्याला श्वास सावकाश सोडायला सांगायचं, स्वतः त्याच्याबरोबर तसा सोडून दाखवायचा. घेण्यापेक्षा सोडायला जास्त वेळ. शरीर कार्बन डायऑक्साइड सतत बनवतंच असतं, श्वास मंदावला की दाब आपोआप चढतो. पंधरा-वीस मिनिटांत फरक पडायला लागतो. आणि असला श्वास झोप लागली की थांबतो. न थांबणारा असेल तर समजून चुका की ते टेन्शन नाही.

त्याच वेळी दुसऱ्या बाजूच्या खुणा शोधायच्या. गेल्या काही दिवसांत खूप तहान, सारखी लघवी, वजन उतरणं, पोटदुखी, उलट्या आणि तोंडाला फळं कुजल्यासारखा किंवा नेलपॉलिश काढायच्या द्रावासारखा वास. आमचा ज्युनिअर तीन आठवडे मेसमध्ये जगच्या जग पाणी पीत होता. आम्ही त्याला "टँकर" म्हणायचो. वाशीमचा उन्हाळा, त्यामुळे कोणाला काही वाटलं नाही. पॅन्ट ढिली झाली तेव्हा म्हणालो की मेसच्या जेवणाची कृपा! समोर सगळं लिहिलेलं होतं, वाचणारा नव्हता. वॉचमन काकांनी ते दोन मिनिटांत वाचलं, कारण त्यांनी ते घरात बघितलं होतं.

एक सावधगिरी ऑक्सिमीटरबाबत. कोरोनाच्या काळात घेतलेलं ते बोटाला लावायचं यंत्र आज बऱ्याच जणांकडे आहे. ते ९९ दाखवलं की आपण निश्चिंत होतो. पण घाबरलेल्याचा आकडाही ९९ आणि कीटोॲसिडवाल्याचाही ९९ येऊ शकतो. ते ऑक्सिजन मोजतं, आम्लता नाही. आकडा कमी आला तर धोका नक्की, पण चांगला आला म्हणजे सगळं ठीक असं अजिबात नाही. या दोघांना वेगळं काढणारं स्वस्त यंत्र म्हणजे साखर मोजायचं ग्लुकोमीटर. बोटाला टोचा, काही सेकंदांत आकडा. श्वास वेगात आहे आणि साखर अडीचशेच्या वर आहे, तर पुढची चर्चा नको, १०८ लावा. इन्सुलिन आपल्या मनानं द्यायचं नाही, कारण अशा वेळी पोटॅशियम बघत, सलाईनबरोबर बेतानं द्यावं लागतं. आणि रक्त आंबट झालंय म्हणून खायचा सोडा पाजण्याची अक्कल तर कोणी मुळीच चालवू नये. कीटोॲसिड बनणं थांबलं की बायकार्बोनेट परत चढतं आणि श्वास आपोआप खाली येतो. साखर कमी निघाली तरी वर सांगितलेल्या बाकीच्या आजारांची शक्यता उरतेच. ताप, छातीत दुखणं, शिट्टीसारखा आवाज, निळे ओठ, गुंगी, यातलं काहीही दिसलं तरी दवाखानाच.

म्हणून रेक्टर सरांना आणि होस्टेल कमिटीला माझी जाहीर विनंती आहे. ऑफिसातल्या फर्स्ट एडच्या पेटीत सध्या कापूस, आयोडीन आणि एक्स्पायरी उलटलेलं मलम आहे. त्यात एक ग्लुकोमीटर आणि पट्ट्यांची डबी ठेवावी. पट्ट्यांवरची तारीख बघायचं काम एका माणसाकडे नावानिशी द्यावं, नाहीतर त्यांचंही त्या मलमासारखंच होईल. ते यंत्र कसं वापरायचं हे दर मजल्यावर दोघांना शिकवावं. आणि वॉचमन काकांना तर पहिलं शिकवावं. खरं म्हणजे त्यांनीच आम्हाला शिकवावं.

जाता जाता एक सांगतो. आमचा तो टँकर हा लेख छापायच्या आधी वाचून गेला. मी विचारलं, त्या रात्री नेमकं काय वाटत होतं? तो म्हणाला, "दादा, मले तं फक्त श्वास घ्यायचा होता. तुम्ही लोक घेऊ देत नव्हते."